मन आपल्या हातात आहे म्हणतात, मग राग आधी येतोच कसा?

मिहीर_सातपूर

नमस्कार मंडळी. तत्त्वज्ञान हा माझा प्रांत नाही, कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर आहे. एका सहकाऱ्याने एपिक्टेटस नावाच्या रोमन काळातल्या तत्त्वज्ञाची छोटी पुस्तिका वाचायला दिली. सुरुवातच अशी आहे की काही गोष्टी आपल्या हातात असतात, काही नसतात. हातात काय, तर आपली मतं, आपली ओढ, आपल्याला काय हवं नि काय नको. हातात काय नाही, तर शरीर, पैसाअडका, लोकांतलं नाव, पद. इथपर्यंत डोक्यात शिरलं.

अडतंय पुढे. परवा रात्रपाळीचा माणूस ऐनवेळी आलाच नाही. त्याने फोनवर "आज नाही जमत" म्हटलं आणि फोन ठेवायच्या आत माझे कान तापले, तोंडातून शिवी निघून गेली. मी काही ठरवून रागावलो नव्हतो. राग हे मनातलंच ना? मग ते माझ्या हातात कसं? एपिक्टेटसचं चुकतंय की माझं, ते कुणी सोप्या भाषेत सांगेल का? जमल्यास छोट्या वाक्यांत, कामावर आठवतील अशी.

कोथिंबीरवडी

कान तापणं हे बीपीचं लक्षण असू शकतं हो. आमच्या ह्यांचं असंच व्हायचं, आम्ही स्वभाव स्वभाव म्हणत बसलो. आधी तपासून घ्या, मीठ कमी करा. तत्त्वज्ञान कुठे पळून जात नाही.

खडूस_पेन्शनर

ग्रीस-रोमपर्यंत जायची काय गरज आहे? "कर्मण्येवाधिकारस्ते" म्हणजे तरी दुसरं काय? प्रयत्न आपल्या हातात, फळ नाही. तुकोबांनीही "ठेविले अनंते तैसेचि रहावे" सांगून ठेवलंय. झालं, धागा बंद करा.

ओसरीवरचा

मिहीर, प्रश्न नेमका आहे आणि तुमच्या आधी जवळपास अठराशे वर्षांपूर्वी तो एका माणसाने विचारून ठेवलाय, तोही बोटीवर.

ऑलस गेलियस नावाचा रोमन लेखक ग्रीसहून इटलीकडे, ब्रिंडिझीला चालला होता. त्याच बोटीवर अथेन्समधला एक नामांकित स्टॉइक, म्हणजे एपिक्टेटसच्याच पंथातला, शिक्षक होता. वाटेत वादळ झालं, रात्रभर बोटीत पाणी. लोक रडत-ओरडत होते. गेलियसला कुतूहल, की हा तत्त्वज्ञ काय करतो बघू. तर तोही पांढराफटक पडलेला, इतरांइतकाच घाबरलेला दिसत होता. फरक एवढाच की तो आक्रोश करत नव्हता. वादळ शमल्यावर एका श्रीमंत प्रवाशाने त्याला छेडलं, की मी घाबरलो नाही आणि तुम्ही तत्त्वज्ञ असून चेहरा उतरला? त्याला शिक्षकाने एक खोचक उत्तर देऊन वाटेला लावलं. नंतर गेलियसने आदराने तेच विचारलं, तेव्हा मात्र त्याने आपल्या गाठोड्यातून एपिक्टेटसच्या प्रवचनांचा पाचवा भाग काढून दाखवला. प्रवचनांचे आज चारच भाग उरलेत, त्यामुळे त्या पाचव्यातला हा मजकूर आपल्यापर्यंत आला तो गेलियसमुळे.

त्यात म्हटलंय ते असं. अचानक मोठा आवाज झाला, वाईट बातमी आली, की मनावर ठसा उमटतो. तो कधी उमटायचा, किती खोल उमटायचा, हे आपल्या हातात नाही. शहाण्यातला शहाणासुद्धा क्षणभर दचकतो, आक्रसतो, पांढरा पडतो. विचाराला जागं व्हायची सवडच मिळालेली नसते. पुढची पायरी मात्र आपली. तो ठसा सांगतो, "हे भयंकर आहे." आपण त्याला "हो, आहे" म्हणायचं की नाही, हा होकार आपल्या हातात. मूर्ख लगेच होकार देतो. शहाणा तो रोखून धरतो.

म्हणजे तुमचे कान तापले ते एपिक्टेटसच्या हिशोबात "हातात नाही" च्या रकान्यात. तुम्ही रेष शरीर आणि मन यांच्यामध्ये ओढलीत. तो ती मनाच्या आत ओढतो, ठसा आणि होकार यांच्यामध्ये.

कामावर आठवतील अशी वाक्यं हवीत तर त्याचीच देतो. मनावर ठसा उमटला की त्याला म्हणायचं, "थांब जरा, तू कोण आहेस ते बघू दे." आणि दुसरं, "तू नुसता ठसा आहेस, दिसतोस तसाच असशील असं नाही." पहिल्या वाक्याने वेळ मिळतो. तो फार व्यवहारी माणूस होता. अपमान झाला तर काय करायचं हे सांगताना तो म्हणतो, एकदा का थोडी सवड काढलीस की स्वतःला आवरणं सोपं जाईल. दोन मिनिटांची खटपट आहे, डोंगरावर जाऊन बसायचं नाहीये.

मिहीर_सातपूर

हे पहिल्यांदाच कळलं. पुस्तिकेत हे कुठे दिसलं नव्हतं. मी आपला रागच येऊ नये म्हणून झटत होतो.

@कोथिंबीरवडी, ताई, बीपी तपासतो.

ओसरीवरचा

पुस्तिकेत फोड केलेली नाही, कारण ती त्याने लिहिलेलीच नाही. त्याने स्वतः काहीच लिहिलं नाही. अॅरियन नावाच्या शिष्याने वर्गातलं बोलणं टिपलं आणि त्यातून निवडक भाग काढून ही पुस्तिका केली. सूत्रं राहिली, मधलं समजावणं गळलं. प्रवचनं वाचा, तिथे तो विद्यार्थ्यांना चक्क झापताना दिसतो.

पेन्शनरकाका, "प्रयत्न आपल्या हातात" हेही एपिक्टेटसला पुरतं पटलं नसतं. त्याच्या यादीत शरीर हातात नाही. मुलाखतीला निघालात आणि पायच मोडला, तर प्रयत्नही गेला. तो स्वतः लंगडा होता. त्याचं वचन आहे, "लंगडेपण पायाला आडवं येतं, इच्छेला नाही." उरतं ते एवढंच की तुम्ही काय योग्य मानलंत आणि काय करायचं ठरवलंत.

खडूस_पेन्शनर

शब्दांचे खेळ. संकल्प म्हणा, प्रयत्न म्हणा, फळावरचा हक्क सोडा, हेच दोघं सांगतात. गीतेत ईश्वरार्पण आहे म्हणून तिथे मन निवतं तरी. तुमच्या रोमन माणसाकडे काय आहे?

ओसरीवरचा

त्याच्याकडेही देव आहे, काका, आणि तो झ्यूसचं नाव ऊठसूट घेतो. पण त्यावर वेगळा धागा काढा, मी येतो.

दुपारचा_डबा

मी ह्यातलं काही वाचलेलं नाही, पण माझंच प्रकरण चालू आहे म्हणून लिहिते. माझा घरगुती डब्यांचा व्यवसाय आहे. मागच्या आठवड्यात एका गिऱ्हाईक बाईंनी सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर वाटीचा फोटो टाकला. वांग्याच्या भाजीत केस. खाली लिहिलं, "सावध राहा." मला फोन नाही, काही नाही, थेट ग्रुपवर. संध्याकाळपर्यंत दोघांनी डबा बंद केला. मी रात्री झोपले नाही, निळ्या टिका बघत बसले, कुणी कुणी वाचलं ते.

आता तुम्ही म्हणणार, लोकांतलं नाव हातात नाही, सोडून द्या. अहो माझं सगळं त्या नावावर चालतं. हप्ता आहे. सोडून कसं देऊ?

सरळसोट

ताई, सोपं आहे. दोन रकाने आखा. ग्रुप तुमच्या हातात नाही, त्याचा विचार बंद. तुम्ही छान स्वयंपाक करत राहा. नकारात्मक लोकांना ब्लॉक करा. मी दोन वर्षांपासून स्टॉइक आहे, मला काही फरकच पडत नाही कशाचा.

ओसरीवरचा

@सरळसोट, गिऱ्हाइकाला ब्लॉक करायचा सल्ला एपिक्टेटसने दिला नसता, आणि "काही फरकच पडत नाही" हेही त्याचं म्हणणं नाही. त्याने बोटीच्या प्रवासाचा दाखला दिलाय. प्रवासाला निघालास तर तुझं काम काय? तांडेल निवड, खलाशी निवड, दिवस निवड, वेळ निवड. हे सगळं काळजीने करायचं. मग वादळ आलं. आता ते तांडेलाचं काम, माझं झालं. दोन रकाने आखून हातावर हात ठेवून बसणारा माणूस तांडेलच न निवडता बोटीत चढलेला असतो.

दुपारचा_डबा, तुमच्या प्रकरणात त्याची पद्धत लावून बघू. पहिलं काम, ठसा सोलायचा. घडलं काय? वाटीत केस निघाला. फोटो ग्रुपवर आला. दोघांनी डबा बंद केला. बास, घडलं ते एवढंच. बाकीचं तुमच्या मनाने जोडलं: माझं नाव गेलं, धंदा बसणार, ती बाई मुद्दाम माझ्या वाईटावर आहे. यातलं खरं काही असेलही, पण अजून ते घडलेलं नाही आणि तुम्ही रात्रभर त्याला होकार देत बसलात. पुस्तिकेतलं सगळ्यात गाजलेलं वाक्य ह्याच जागेसाठी आहे: "माणसांना घटना त्रास देत नाहीत, घटनांबद्दलची मतं देतात." अल्बर्ट एलिस हा मानसोपचारतज्ज्ञ हे वाक्य आवर्जून सांगायचा. आपल्याकडे विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात ती पद्धत त्याची.

दुसरं काम, तुमच्याकडून होणारं काय ते बघायचं. केस कुणाचा? डोक्याला टोपी-रुमाल असतो का, मदतनीस बाई बांधतात का? बाईंना स्वतः फोन करायचा का? पैसे परत करायचे का? यातलं प्रत्येक तुम्ही ठरवू शकता.

तिसरं काम अवघड आहे. तुम्हाला हवंय काय ते बदलायचं. "ग्रुपने मला चांगलं म्हणावं" हे हवं असेल तर तुमची झोप ग्रुपच्या हातात गेली. "मी स्वच्छ आणि सरळ वागावं" हे हवं असेल तर ती तुमच्याकडे राहिली. गिऱ्हाईक परत आलं तर बरंच आहे, नको कोण म्हणतंय? पैसा, नाव, प्रकृती यांना स्टॉइकांनी कधी कचरा म्हटलं नाही. मिळत असतील तर जरूर घ्यावं असंच ते सांगतात. फक्त आपलं बरंवाईट त्यावर टांगू नये.

आणि रात्री टिका बघताना म्हणायला एक वचन, हेही पुस्तिकेतलंच. कुणी तुला वाईट म्हणतोय असं कळलं तर उत्तर दे, "त्याला माझे बाकीचे दोष माहीत नसावेत, नाहीतर एवढ्यावर थांबला नसता."

दुपारचा_डबा

शेवटचं वाचून हसले, खरं सांगते. फोन मी केला होता चौथ्या दिवशी. पहिल्याच दिवशी करायला हवा होता वगैरे म्हणू नका, धीर झाला नाही. त्या बाई म्हणाल्या, मला वाटलं तुम्ही बघताय ग्रुप. त्यांना त्यात काही विशेष वाटतच नव्हतं! त्यांचे पैसे परत केले, ग्रुपवर एक ओळ लिहिली की चूक आमच्याकडून झाली, आता टोपी सक्तीची केली आहे. बंद केलेल्यांपैकी एक जण परत आले, दुसरे नाही.

पण दुसरे येत नाहीत ते मला अजून लागतंच. "माझं झालं" असं मनापासून म्हणता येत नाही.

ओसरीवरचा

लागणारच. ते लागणं ठसाच आहे. एकदा होकार रोखला म्हणून ठसा परत येणार नाही असं त्याने कुठेच म्हटलेलं नाही. सवय हळूहळू मोडते. रागाबद्दल त्याने हिशोब ठेवायला सांगितलाय: आधी रोज रागवायचो, मग दिवसाआड, मग तिसऱ्या दिवशी, मग चौथ्या. सलग तीस दिवस गेले तर देवाला नैवेद्य दाखव. मिहीर, रात्रपाळीच्या रजिस्टरवर खुणा करून बघा.

शेवटचा_बाक

सगळं गोड चाललंय म्हणून थोडं मीठ टाकतो. एपिक्टेटस गुलाम होता. नीरो बादशहाच्या दरबारातल्या एपाफ्रोडायटस नावाच्या माणसाचा. गुलामाने "माझ्या हातात फक्त माझं मत" म्हणणं मी समजू शकतो, त्याला दुसरं काही उरलंच नव्हतं. पण हीच शिकवण मालकाच्या तोंडून आली तर? आपल्याकडे शतकानुशतकं खालच्यांना हेच ऐकवलं गेलं: तुझी जागा तुझ्या हातात नाही, समाधान मान. वर पेन्शनरकाकांनी तुकोबांची ती ओळ दिलीच आहे. पाणवठा हातात नाही म्हणून महाडला कुणी गेलंच नसतं तर? 1927 मध्ये लोक चवदार तळ्यावर गेले ते रकाने आखून नाही.

खडूस_पेन्शनर

तुकोबांना मध्ये ओढू नका. त्या ओळीचा असा अर्थ नाही.

शेवटचा_बाक

अर्थ काय आहे आणि वापरली कशी गेली, हे दोन वेगळे प्रश्न आहेत काका.

ओसरीवरचा

आक्षेप मोठा आहे, एका पोस्टमध्ये उडवून लावण्यासारखा नाही. दोन प्रसंग सांगतो, निवाडा तुम्ही करा.

पहिला हेल्विडियस प्रिस्कसचा. हा रोमचा सिनेटर. बादशहा व्हेस्पेशियनने त्याला निरोप धाडला, सिनेटमध्ये येऊ नकोस. तो म्हणाला, मला सिनेटर ठेवायचं की नाही हे तुमच्या हातात, पण आहे तोवर मला आलंच पाहिजे. बरं, ये, पण गप्प बस. मला मत विचारू नका, मी गप्प बसतो. पण मला विचारावंच लागतं. मग मलाही योग्य वाटेल ते बोलावंच लागतं. बोललास तर मारून टाकीन. यावर हेल्विडियस म्हणतो, "मी अमर आहे असं तुम्हाला कधी म्हणालो? तुम्ही तुमचं करा, मी माझं करतो. मारणं तुमचं, न थरथरता मरणं माझं." एपिक्टेटस हा संवाद वर्गात रंगवून सांगायचा. पुढे हेल्विडियसला खरंच मारलं. इथे "हातात नाही" चा अर्थ गप्प बसणं होत नाही. जीव हातात नाही, म्हणून जिवाची भीती घालून कुणी तोंड बंद करू शकत नाही, असा तो अर्थ आहे. चवदार तळ्यावर जाणाऱ्यांना हा माणूस परका वाटला नसता असं मला वाटतं.

दुसरा प्रसंग मालकाचा. पाणी पुरेसं गरम आणलं नाही म्हणून गुलामावर खेकसणाऱ्याला एपिक्टेटस म्हणतो, अरे तो तुझा भाऊ आहे, झ्यूसचंच लेकरू. मी त्याला विकत घेतलंय, असं मालक म्हणतो. त्यावर उत्तर, तू बघतोयस कुठे? मेलेल्यांच्या कायद्यांकडे. म्हणजे मालकाला तो समाधान मानायला सांगत नाही, त्याला खडसावतो.

शेवटचा_बाक

हेल्विडियस जबरदस्त आहे, मानलं. पण तो सिनेटर होता, त्याच्याकडे सिनेटमध्ये उठून बोलायची जागा होती. आणि दुसऱ्या प्रसंगात एपिक्टेटस मालकाला नीट वाग म्हणतो, त्याला सोडून दे म्हणत नाही. गुलामगिरीच बंद करा असं कुठे म्हटलंय त्याने?

ओसरीवरचा

नाही म्हटलेलं. तुमचा मुद्दा तिथे उभा राहतो.

मिहीर_सातपूर

मोठ्या चर्चेत माझा बारीकसा प्रश्न. कान तापणं हातात नाही, ते पटलं. पण शिवीचं काय? ती ठशाबरोबर निघाली की होकारानंतर? मला आठवतंय त्याप्रमाणे मध्ये काही विचारच नव्हता. फोन, कान, शिवी.

सरळसोट

शिवी पण ठसाच. तोंडातून निघते ती आपोआप.

ओसरीवरचा

मला नाही पटत. बोटीवरचा तत्त्वज्ञ पांढरा पडला पण ओरडला नाही, गेलियसने हे मुद्दाम नोंदवलंय. म्हणजे चेहऱ्याचा रंग होकाराच्या आधी आणि आवाज होकारानंतर, असं माझं वाचन आहे. शिवीत "त्याने माझ्यावर अन्याय केला" हे मत आधीच भरलेलं असतं. नुसत्या दचकण्यात ते नसतं.

रेवदंडा_लायब्ररी

मधेच येतो, क्षमस्व. सेनेका या रोमन स्टॉइकाने रागावर लिहिलंय त्यात याच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली आपोआप होणारी, अंगावर गार पाणी उडाल्यावर शहारा येतो तशी, तिथे विचार पोचत नाही. दुसरीत मन म्हणतं, माझं नुकसान झालंय, मी बदला घेणं योग्य आहे. इथे अजून थांबवता येतं. तिसरीत माणूस योग्य-अयोग्य न बघता बदलाच घेऊ बघतो, तिथे लगाम सुटलेला असतो. मिहीर यांची शिवी मी दुसरी आणि तिसरी यांच्या मध्ये कुठेतरी ठेवेन. दुसरी पायरी इतकी झटकन होते की दिसत नाही, म्हणून ती नाहीच असं वाटतं.

मिहीर_सातपूर

पण दिसतच नसेल तर तिथे "थांब जरा" म्हणायचं कधी?

रेवदंडा_लायब्ररी

सेनेकाचं उत्तर, पहिल्या पायरीलाच. कान तापले की तीच घंटा समजायची, कारण नंतर हातात काही राहत नाही. एपिक्टेटसचा कल मात्र आधीपासून लहान गोष्टींवर सराव करण्याकडे आहे: तेल सांडलं, थोडी दारू चोरीला गेली, तर म्हणायचं, "इतक्याला शांती मिळते, फुकट काही मिळत नाही." तुमच्यासाठी दोघांपैकी कोण बरा ते मला सांगता येणार नाही. ऐन रात्रपाळीत सराव करणं मला तरी जमलं नसतं. कँटीनचा चहा गार आला इथपासून सुरुवात करा.